भाडोत्री कोणाला म्हणायचं?

पानिपतचा धडा चालू असला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. इब्राहीमखान गारदी. मुसलमान असून मराठ्यांच्या बाजूने लढला, अब्दालीला जाऊन मिळाला नाही, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. मग एखादं पोरगं विचारतं, "सर, तो निष्ठावान होता की भाडोत्री?" गेल्या वर्षी हाच प्रश्न आला तेव्हा मागच्या बाकावरून दुसऱ्याने उत्तरही देऊन टाकलं, "गारदी म्हणजे पैशासाठी मारणारे. नारायणरावाला त्यांनीच मारलं."

दोन्ही मुलं आपापल्या जागी बरोबर होती. गोंधळ आहे तो आपल्या भाषेतल्या 'भाडोत्री' या शब्दात. आपण तो शिवीसारखा वापरतो. जो पैशासाठी लढतो तो भाडोत्री आणि जो देशासाठी लढतो तो सैनिक, अशी आपली सोपी वाटणी. मला ही वाटणी मान्य नाही. ती इतिहासात टिकत नाही, आणि आज आपल्या घरातल्या पोरांना वाचवायलाही तिचा उपयोग होत नाही.

पैशाचंच घ्या. आपल्या सातारा जिल्ह्यात 'मिलिटरी आपशिंगे' नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथली घरं फौजेत माणसं पाठवत आली. ती माणसं पगार घेतात, पेन्शन घेतात, त्या पगारावर घर बांधतात आणि लेकीबाळींची लग्नं करतात. म्हणून त्यांना कोणी भाडोत्री म्हणेल का? तेव्हा पैसा हा फरकच नव्हे. फरक तीन प्रश्नांत आहे. शिपाई हुकूम कोणाचा मानतो? त्याने गुन्हा केला तर त्याचा न्याय कोण करतो? आणि तो मेला किंवा पकडला गेला तर त्याचा वाली कोण?

हे प्रश्न घेऊन इब्राहीमखानाकडे परत जाऊ. तो दख्खनमध्ये फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीची कवायत शिकलेला. आधी निजामाच्या चाकरीत होता, मग सदाशिवरावभाऊंच्या. त्याच्याकडे बंदुकांची पलटणं होती आणि तोफखाना होता. आजच्या भाषेत तो नुसता सेनापती नव्हता, ठेकेदारही होता. पलटणी त्याच्या, माणसं त्याची, शिस्त त्याची. सरकारने त्याला रोख पैसे द्यायचे आणि त्याने ते आपल्या माणसांना वाटायचे. त्यामुळे गारद्याचा खरा धनी पेशवा नव्हता, खानसाहेब होते.

काशिराज पंडित त्या लढाईच्या वेळी शुजाउद्दौलाच्या छावणीत होता. त्याने लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहीमखान भाऊंसमोर आला आणि सलाम करून म्हणाला, अशा अर्थाचं तो सांगतो, की माझ्या माणसांचा पगार दरमहा मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो आणि त्यामुळे तुमची माझ्यावर नाराजी असायची. या महिन्यात खजिना शत्रूने लुटला, पगार मिळालाच नाही. पण ते असो, इतके दिवस घेतलेला पगार फुकट नव्हता हे आज दाखवून देतो. मग तो रोहिल्यांवर तुटून पडला आणि त्याच्या पलटणींतली फारच थोडी माणसं उरली.

या प्रसंगाकडे आपण फक्त निष्ठेची कथा म्हणून बघतो. निष्ठा होतीच, ती कोणी नाकारू नये. पण त्यात एक भीतीदायक गोष्टही आहे. त्या दिवशी मराठ्यांची डावी फळी कशाच्या आधारावर उभी होती? एका माणसाच्या शब्दावर. पगार थकलेला असताना त्याने "असो" म्हटलं म्हणून फळी टिकली. तो तसं म्हणाला नसता तर त्याला लढायला भाग पाडणारा कोणता कायदा भाऊंच्या हातात होता? आणि हा धोका भाऊंना नवा नव्हता. इब्राहीमखानाच्या आधी पुण्याच्या चाकरीत मुजफ्फरखान नावाचा गारदी सरदार होता. त्याने भाऊंच्याच जिवावर मारेकरी घातला आणि त्यासाठी त्याला देहदंड झाला. व्यवस्था एकच. एकदा माणूस चांगला निघाला, एकदा वाईट.

ते "असो" बारा वर्षांनी कोणी म्हटलं नाही. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्याच्या पहाऱ्यावर गारदीच होते आणि पगाराची तक्रार होतीच. पगार मागायचं निमित्त करून ते आत घुसले आणि अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा चुलत्याच्या मिठीत असताना कापला गेला. त्या टोळीच्या म्होरक्यांची नावं बघा: सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसूफ, आणि सोबत राघोबादादांचा खिदमतगार तुळाजी पवार. म्हणजे गारदी हा धर्म नव्हता, जात नव्हती, तो करार होता. "गारदी म्हणजे दगाबाज मुसलमान" असं जे आज सहज बोललं जातं, त्यांनी ही नावं एकदा मोठ्याने वाचावीत. आणि इब्राहीमखानाचं नाव पुढे करून "बघा, आपला गारदी किती निष्ठावान" एवढ्यावर छाती फुगवणाऱ्या आपल्या लोकांनीही वाचावीत. एका चांगल्या माणसाने वाईट व्यवस्था चांगली होत नाही.

पुढचा प्रश्न न्यायाचा. आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, थेट राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पद सोडलं. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी आपण सांगतो, पण त्यांचा निकाल अमलात का येऊ शकला नाही ते सांगत नाही. ज्यांच्या हाती बंदुका होत्या तेच गुन्हेगार होते, आणि ज्याने त्यांना वापरलं तोच गादीवर बसला होता. पुढे कारभाऱ्यांनी काही मारेकऱ्यांना शोधून देहान्त दिला, पण त्यात वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, ही अठराव्या शतकातली गोष्ट, आज आंतरराष्ट्रीय कायदा आहे. आहे. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या जादा मसुद्यातलं ४७ वं कलम भाडोत्री सैनिकाची व्याख्या करतं. पण त्यात सहा अटी आहेत आणि सहाच्या सहा एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. तो खास त्या लढाईसाठी भरती झालेला हवा, प्रत्यक्ष लढलेला हवा, त्याचा हेतू मुख्यतः पैशाचा हवा आणि त्याच दर्जाच्या सैनिकापेक्षा बराच जास्त मोबदला कबूल झालेला हवा, तो लढणाऱ्या देशांपैकी कोणाचा नागरिक किंवा रहिवासी नसावा, त्यांच्या सैन्यात दाखल झालेला नसावा, आणि दुसऱ्या देशाने सरकारी कामावर पाठवलेला नसावा. एक अट सुटली की माणूस व्याख्येतून सुटला. आणि जो सापडतो त्याला युद्धकैद्याचा हक्क नाही. म्हणजे हा कायदा कंपनीला पकडत नाही, पण बंदूक धरलेल्या गड्याला उघड्यावर टाकू शकतो.

बगदादचा निसूर चौक आठवा. १६ सप्टेंबर २००७ रोजी 'ब्लॅकवॉटर' या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी भर चौकात गोळीबार केला आणि १७ इराकी माणसं मारली. हे रक्षक अमेरिकेच्या मुत्सद्द्यांच्या संरक्षणासाठी ठेवलेले. ते भाडोत्री का? व्याख्येनुसार नाहीत. ते अमेरिकेचे नागरिक होते आणि अमेरिका त्या युद्धात होती. मग सैनिक का? तेही नाहीत, त्यामुळे लष्करी कोर्टात त्यांचा खटला चालला नाही. इराकच्या कोर्टात? तिथल्या अमेरिकी प्रशासनाने आदेश काढून ठेकेदारांना इराकी कायद्यापासून आधीच सूट दिली होती. शेवटी अमेरिकेतल्या दिवाणी-फौजदारी व्यवस्थेत खटला रखडत चालला, २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. रामशास्त्र्यांचा निकाल जिथे अडला होता, तिथेच हाही अडला.

रशियातल्या वॅग्नरची गोष्ट तर शनिवारवाड्याच्या जवळची आहे. वर्षानुवर्षं सरकार म्हणत होतं, यांचा आमचा संबंध नाही. २०२३ च्या जूनमध्ये संरक्षण खात्याने सांगितलं की सर्वांनी थेट खात्याशी करार करावेत. हुकूम कोणाचा, हाच तो प्रश्न. प्रिगोझिनने नकार दिला आणि फौज मॉस्कोच्या रस्त्याला लागली. बंड मिटल्यावर पुतिन यांनीच जाहीर सांगितलं की वॅग्नरचा पूर्ण खर्च सरकार करत होतं. सैन्य ठेवायचं, पण ते आपलं आहे असं म्हणायचं नाही, यासाठीच तर ठेकेदार लागतो. ठेकेदाराचं मेलेलं माणूस सरकारी मृतांच्या आकड्यात येत नाही आणि त्याच्या गुन्ह्याचा डाग सरकारच्या नावाला लागत नाही.

हे सगळं मी म्हसवडमध्ये बसून का लिहितोय? काही महिन्यांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. हातात कागद. मुलाला परदेशात 'सिक्युरिटी'चं काम मिळतंय, पगार चांगला आहे, एजंटाला अर्धे पैसे दिलेत. मला उर्दू येतं म्हणजे अरबीही येत असणार, अशी त्यांची समजूत. अरबी मला मोडकी-तोडकीच वाचता येते, पण कागदाची इंग्रजी बाजू वाचली. कंपनीचं नाव एका देशातलं, सही दुसऱ्या देशात करायची आणि कामाची जागा 'गरजेनुसार'. भरपाईच्या कलमात मृत्यूचा उल्लेखच नाही. मी म्हटलं, "चाचा, पोराला पाठवू नका." ते म्हणाले, "सर, पहारेकऱ्याचंच तर काम आहे."

शनिवारवाड्यावरचे गारदीही पहारेकरीच होते. आणि रशियात गेलेल्या आपल्या देशातल्या कित्येक तरुणांना 'मदतनीस', 'सिक्युरिटी' असंच सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने दिलेल्या माहितीनुसार तिथल्या सैन्यात गेलेले १२६ भारतीय समोर आले होते आणि त्यांतले १२ मेले होते. त्यांनी सैन्याशीच करार केला असेल तर कायद्याने ते भाडोत्री ठरत नाहीत. पण आपल्या गल्लीत शिवी त्यांनाच मिळते, एजंटाला मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. शिवी द्यायचीच तर कागद बनवणाऱ्याला द्या. आणि कागद हातात आला की तेच तीन प्रश्न विचारा. हुकूम देणाऱ्याचं नाव आणि कामाची जागा लिहिली आहे का? भांडण झालं तर कोणत्या देशाचं कोर्ट? मेलो तर मयत कोण आणणार आणि घरच्यांना कोण पैसे देणार? सोबत एजंटाचा परराष्ट्र खात्याकडचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नका.

चाचांनी कागद परत नेला. एजंट अर्धे पैसे परत द्यायला तयार नाही, म्हणून पोरगा अजून जायचं म्हणतोय. वर्गातल्या त्या पोराला मी एवढंच सांगितलं: इब्राहीमखान निष्ठावान होता, आणि त्याचा पगार थकलेला होता. दोन्ही गोष्टी वहीत लिही.