फोटोतलं पत्र्याचं शेड

गेल्या पावसाळ्यात गावाकडून फोन आला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातले कब्रस्तान कमिटीचे सदर बोलत होते. "बेटा, तू कंप्युटरवाला. एका फोटोतून एक पत्र्याचं शेड काढायचंय. किती वेळ लागेल?" मी पुण्यात ऑफिसात होतो, घाईत होतो. म्हणालो, "दहा मिनिटं. पण व्हॉट्सअॅपवरचा नको, तो फाटतो. मूळ फाइल मागवा." कशासाठी हवंय, हे मी विचारलंच नाही.

मूळ फाइल आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफर चाचांकडे होती. कमिटीने त्यांना रीतसर पत्र लिहिलं आणि चाचांनी रीतसर नकार दिला. ते उत्तर मी वाचलं तेव्हा माझ्या "दहा मिनिटं"ची मला लाज वाटली. आपल्यापैकी बरेच जण आज ना उद्या कमिटीच्या जागी किंवा चाचांच्या जागी असणार आहेत, म्हणून हा विषय इथे मांडतोय.

आधी भांडण काय ते सांगतो. कब्रस्तानच्या पूर्वेला रस्त्याकडेच्या जागेवर आज तीन शटरची दुकानं आहेत. जागा कब्रस्तानची, असं कमिटी म्हणते. समोरचा म्हणतो, माझा इथे बारा वर्षांहून जास्त कब्जा आहे. १९९५ च्या वक्फ कायद्यात कलम १०७ होतं. त्यामुळे वक्फची जमीन परत मागायला मुदतीची अडचण येत नव्हती. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम बदललं आणि ८ एप्रिल २०२५ पासून मुदतीचा कायदा वक्फच्या जमिनींनाही लागू झाला. बारा वर्षं कधीपासून मोजायची यावर वकील भांडतीलच. पण "तिथे कधी काय उभं होतं" हा प्रश्न, जो आपण आजवर सोडून दिला होता, तो आता प्रत्येक कब्रस्तानच्या दारात येणार आहे.

आणि चाचांच्या हार्ड डिस्कमध्ये त्याचं एक उत्तर होतं. २६ जानेवारी २०१३ ला शाळेची प्रभात फेरी कब्रस्तानवरून जात असताना त्यांनी फोटो काढले होते. एका फोटोत मुलांच्या मागे कब्रस्तानची पूर्व बाजू दिसते. कडुनिंब, काही कबरी आणि कोपऱ्यात पत्र्याचं एक छोटं शेड. म्हणजे तेव्हा तिथे काहीतरी होतं. कमिटीला ते नको होतं.

चाचांचं पत्र त्यांच्या परवानगीने, नावं वगळून देतो. पत्र मराठीत आहे, कारण त्यांना ते वकिलांनीही वाचावं असं वाटत होतं.

"जनाब सदर साहेब, अस्सलामु अलैकुम.

आपलं पत्र मिळालं. आपण दोन कामं सांगितली. फोटोतलं शेड काढणे आणि फोटोची वेळ दुरुस्त करणे. दोन्ही माझ्याकडून होणार नाहीत.

शेड त्या दिवशी तिथे होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा फोटो कोर्टात गेला तर मलाही कोर्टात जावं लागेल आणि 'हा फोटो तुम्ही काढला तसाच आहे का' हा पहिला प्रश्न असेल. त्याचं खोटं उत्तर मी देणार नाही.

वेळेचं असं आहे. फाइलमध्ये पहाटेचे २ वाजून ४२ मिनिटं दिसतात आणि फोटोत ऊन आहे. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे होतं. ते मी लावलं नव्हतं, चूक माझी आहे. त्या दिवशीचे सगळेच फोटो तेवढेच मागे आहेत. फोटो सकाळी ८ वाजून १२ मिनिटांचा आहे. मुलांच्या हातातल्या फलकावर '६४ वा प्रजासत्ताक दिन' लिहिलेलं वाचता येतं. ही चूक मी लिहून देईन, पुसणार नाही.

एकाच फोटोतून शेड काढून उपयोगही नाही. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंतही ते दिसतं. त्याचे प्रिंट मी तेव्हाच शाळेला दिले आहेत.

मी काय करू शकतो ते सांगतो. त्या सकाळचे सगळे फोटो, एकही न वगळता, आपल्याला आणि मागितले तर समोरच्यालाही देईन. मोठे प्रिंट काढून देईन. वेगळ्या प्रतीवर शेड, कडुनिंब आणि कबरी यांना गोल करून देईन आणि ही खुणा केलेली प्रत आहे असं त्यावरच लिहीन. लागणारा दाखला सही करून देईन आणि साक्षीला येईन. प्रिंटचे पैसे घेईन, साक्षीचे घेणार नाही.

राग मानू नये. माझे वालिद त्याच कब्रस्तानात आहेत."

पत्र इथे संपतं. आता यात तांत्रिक काय आहे ते सांगतो, कारण ते माझ्या धंद्याचं आहे.

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती असते. कॅमेरा कोणता, फोटो कधी काढला, वगैरे. `DateTimeOriginal` ही त्यातली एक नोंद. ती बदलणं सोपं आहे, आणि म्हणूनच ती एकटी कशाचाही पुरावा होत नाही. ती बाकीच्या गोष्टींशी जुळते का, हे पाहिलं जातं. चाचांच्या त्या सकाळच्या प्रत्येक फाइलमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे आहे, आणि आपल्या वेळेत आणि ग्रीनिच वेळेत नेमका तेवढाच फरक आहे. म्हणजे चूक समजण्यासारखी आहे आणि सगळीकडे सारखी आहे. कमिटीच्या म्हणण्याप्रमाणे एकाच फाइलची वेळ "नीट" केली असती, तर तेवढीच एक फाइल बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली असती. खरी चूक समजावून सांगता येते. खोटी दुरुस्ती समजावता येत नाही.

शेड काढण्याचंही तसंच. शेड काढलं की त्याच्या जागी काहीतरी भरावं लागतं. माती, झुडूप, आकाश. ते बाजूच्या भागातून उचललेलं असतं, त्यामुळे पोत दोनदा येतो. जमिनीवरची सावली तशीच राहते. काही वेळा तर फाइलमध्ये लपलेलं छोटं चित्र जुनंच राहतं आणि त्यात शेड दिसतं. हे सगळं मी दहा मिनिटांत केलं असतं, आणि जाणकाराने ते शोधूनही काढलं असतं.

आता दाखल्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक दाखला द्यावा लागतो. त्याचा नमुना कायद्यातच आहे. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला एक लांब आकडा, फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. चाचांच्या कंप्युटरवर मी ही आज्ञा दिली:

```
sha256sum DSC_0412.JPG
```

६४ अक्षरांची हॅश आली. फाइलचं नाव बदललं तरी ती तीच राहते. एक ठिपका बदलला की सगळी बदलते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तरी बदलते, कारण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

पण हॅशची एक मर्यादा आहे. ती काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच ती सांगते. २०१३ पासून आजपर्यंत काय झालं हे तिला माहीत नाही. मेमरी कार्डही चाचांनी नंतर पुन्हा वापरलेलं आहे. ती मधली वर्षं भरून काढतात ते शेजारचे फोटो, शाळेतले प्रिंट आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस. म्हणून चाचांचा शब्द माझ्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

शेजारच्या जालन्यात काय झालं ते आठवा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता की २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची वेळ टळून गेल्यावर खोतकरांचा अर्ज घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांत ते सगळं होतं. पण त्या चित्रीकरणाचा दाखला वारंवार मागूनही कचेरीने दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रत सादर करायची तर दाखला लागतोच. मूळ साधनच कोर्टात आणलं आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर मात्र लागत नाही. इथे अर्जदाराने आपल्या हातातलं सगळं केलं होतं, म्हणून त्याला सूट मिळाली. दाखला द्यायला कुणी तयार नसेल तर खऱ्या चित्रीकरणालाही किती वर्षं घासावं लागतं, ते यातून दिसतं. आपल्याकडे तर दाखला द्यायला आणि साक्षीला यायला माणूस स्वतःहून तयार होता, आणि आपण त्यालाच खोटं बोलायला सांगत होतो. न्यायालयात वापरायला खोटा पुरावा तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. फोटोला हात मी लावला असता, दाखल्यावर सही चाचांची असती.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपल्याविरुद्ध जाणारा फोटो आपणच द्यायचा का? कमिटीच्या बैठकीत हाच प्रश्न आला. तेव्हा आम्ही फोटो मोठा करून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. शेड कोपऱ्यात आहे, पाच पत्र्यांचं. त्याच्या मागे कडुनिंब आहे आणि कडुनिंबाभोवती कबरी आहेत. आज तिथे कडुनिंब नाही. दुसरं आणि तिसरं शटर आहे. म्हणजे २०१३ ला शेड होतं हे खरं, आणि आजची दुकानं तेव्हा नव्हती हेही खरं. शेड खोडलं असतं तर समोरच्याच्या वकिलाने अख्खा फोटो खोटा ठरवला असता, आणि त्याबरोबर कबरीही गेल्या असत्या.

फोटोने सगळं सुटत नाही. हद्द कुठे आहे हे मोजणीने आणि भूमी अभिलेखच्या नकाशानेच ठरेल. शेडपुरती जागा हातची जाऊही शकते. सदर साहेबांना हे पटलंय असं मी म्हणणार नाही. त्यांनी फोटो वकिलांकडे दिला, जसा होता तसा, आणि माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांच्या गावात कब्रस्तान, ईदगाह, मशिदीची जागा आहे, त्यांनी जुने फोटो आताच शोधावेत. लग्नाचे, उरुसाचे, शाळेचे. मूळ फाइल जिथे आहे तिथेच ठेवावी, प्रत काढून तिचीच हॅश लिहून ठेवावी, शेजारचे फोटो गाळू नयेत आणि फोटो काढणाऱ्याचं नाव, तारीख, कॅमेऱ्यातली चूक हे त्याच्याच हाताने लिहून घ्यावं. आणि त्यात आपल्याला नको असलेलं एखादं शेड दिसलं, तर ते तसंच राहू द्यावं.