यांची नाणी आणि माझा कंटाळा

आमच्या यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे, आणि मला त्याचा मनापासून कंटाळा येतो. हे वाक्य आता मी उघडपणे लिहू शकते, कारण त्यांना ते ठाऊक आहे. पहिली बारा वर्षं ठाऊक नव्हतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की अल्बम उघडायचा, हे एखादं नाणं माझ्यासमोर धरायचे आणि मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, "अरे वा! छान आहे हो."

एका रविवारी त्यांनी असाच एक चांदीचा रुपया दाखवला. मी विचारलं, "नवीन आणला वाटतं?" हे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अगं, हा मागच्या रविवारी दाखवला तोच." पुढे काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मी खोलीत गेले की अल्बम हळूच मिटायचा. भांडण झालं असतं तर बरं, इतकं ते मिटणं मला लागलं.

पर्युषणात बारा व्रतांवरचं व्याख्यान ऐकताना दुसऱ्या व्रताशी मी अडखळले. खोटी साक्ष, खोटा दस्त, ठेव लाटणं यातलं काही आपण करत नाही, म्हणून सत्याचं व्रत आपलं पाळलं जातं असं मी धरून चालले होते. मग माझं "अरे वा" कुठे बसतं? संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणताना यांना मात्र कारणासकट म्हणाले: "मला नाणी बघून काही वाटत नाही आणि मी वाटल्याचं सोंग करत आले." हे हसले. म्हणाले, "सोंग कळायचं. पण तू निदान बघत तरी होतीस."

मग खरं काय करायचं? मी आधी केलेल्या चुका सांगते. पहिली म्हणजे मी लगेच विचारलं, "याची किंमत किती येईल?" उत्तर एका आकड्यात संपलं आणि यांचा चेहरा दुकानदारासारखा झाला. दुसरी म्हणजे परीक्षेसारखे प्रश्न: कुठलं साल, कुठला धातू. उत्तरं मिळाली, पण ती मलाच नको होती. समोरच्याला हे लगेच कळतं. उत्तर एका शब्दाचं येऊ लागलं की समजावं, आपण उगीच विचारतोय.

वाट सापडली ती आजेसासऱ्यांच्या जुन्या रोकडवहीतून. घरचा हिशेब मी ठेवते आणि आकड्यांत मला खरंच रस आहे. वही चाळताना काही रकमांपुढे 'हाली' आणि काहींपुढे 'कलदार' लिहिलेलं दिसलं. एकाच वहीत दोन प्रकारचे रुपये कसे? हा प्रश्न माझा स्वतःचा होता. यांना विचारला आणि त्या दुपारचा चहा गार झाला.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. इथला रुपया निजामाच्या टांकसाळीतला, त्याला हाली शिक्का म्हणायचे. इंग्रजांचा रुपया तो कलदार. इथल्या व्यापाऱ्याला गावातले व्यवहार हालीत आणि मुंबईकडचे कलदारात करावे लागत, आणि दोन्हींत बट्टा पडे. सात हाली म्हणजे सहा कलदार. "पण सातच का?" मी विचारलं. यांनी अल्बममधून एक हाली काढला, शेजारी इंग्रजी रुपया ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

हालीचं वजन 11.18 ग्रॅम, त्यात चांदी शेकडा 81.8. म्हणजे शुद्ध चांदी साधारण 9.14 ग्रॅम. कलदाराचं वजन 11.66 ग्रॅम, चांदी शेकडा 91.7, म्हणजे साधारण 10.69 ग्रॅम. आता सात हालींची चांदी मांडा: जवळजवळ 64 ग्रॅम. सहा कलदारांची मांडा: तीही 64 च्या आसपास. मी दोनदा गुणाकार केला. म्हणजे बट्टा हा कुणा सावकाराच्या मर्जीचा नव्हता, तो नाण्याच्या पोटात होता. मग शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, हा वहीतला आकडाही जुळला. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला. नाण्यापेक्षा हिशेबाचा झाला, पण झाला.

मग त्यांनी मागच्या खेपेच्या त्याच रुपयावरची तारीख वाचायला शिकवली. एका बाजूला चारमिनार, आणि त्याच्या कमानीत एक अक्षर. महबूब अलींच्या नाण्यावर मीम, उस्मान अलींच्या नाण्यावर ऐन. अरबी आकड्यांत सात इंग्रजी व्हीसारखा, आठ म्हणजे तोच उलटा. त्या रुपयावर हिजरी 1337 आणि कारकिर्दीचं आठवं वर्ष होतं. उस्मान अली गादीवर आले ते हिजरी 1329 च्या रमजानात, आपल्या 1911 च्या ऑगस्टअखेरीस. तिथून आठवं वर्ष 1337 च्या रमजानात संपतं. म्हणजे हा रुपया 1918 ची दिवाळी ते 1919 चा उन्हाळा यांमधला. दोन तारखा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर नाण्याकडे संशयाने बघायचं, हेही समजलं. (काळी पडलेली चांदी टूथपेस्टने घासायची नाही, हेही. दिवाळीला घासायचा माझा विचार होता, वेळेवर बोलले म्हणून वाचली.)

मीम-ऐनचे बारीक फरक मात्र मला आजही कंटाळवाणे वाटतात. पहिल्या वर्षीचा ऐन अर्धा आणि नंतरचा पूर्ण, यावर हे पाऊण तास बोलू शकतात. मी सांगते, "अहो, इथे माझं लक्ष उडतंय." पूर्वी हे सांगायला मला धीर नव्हता. सांगितल्यावर यांना राग येत नाही, उलट माझ्या पुढच्या प्रश्नावर त्यांचा विश्वास बसतो. पोळ्या लाटताना नाणं आलं तर अर्ध्या कानाने ऐकण्याऐवजी "नऊ वाजता बसते" म्हणते, आणि नऊला बसते. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं चित्त एका जागी ठेवायचा सराव आहे, त्यातली पंधरा मिनिटं नवऱ्याला द्यायला काय हरकत? प्रदर्शनाला मात्र तासभरच जाते, तेही ठरवून.

एक प्रश्न मी बरेच दिवस गिळून होते, कारण तो टोमणा वाटेल अशी भीती होती. शेवटी विचारलाच: "या जमवण्याला मर्यादा किती ठेवलीय?" पाचवं व्रत दोघांचंही आहे. हे बराच वेळ अल्बम चाळत राहिले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "फक्त उस्मान अलींचे रुपये, आणि एका तारखेचा एकच. जुळी देऊन टाकायची." इतक्या वर्षांच्या कौतुकातून हे कधी निघालं नव्हतं.

परवा रविवारी हे स्वतःच आले. हातात अल्बम नव्हता, आजोबांची वही होती. "तारखा नकोत तुला," म्हणाले, "पण इथे कापसाच्या एका सौद्यात बट्टा सातास सहा नाही लागलेला. बघ बरं का ते." मी डाळीचं पातेलं उतरवलं आणि चष्मा शोधायला गेले.