लंबकाचा प्रयोग आणि त्रुटींचा हिशेब

साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग बहुतेक शाळांतून केला जातो. उत्तर ९.८१ च्या जवळ आले म्हणजे प्रयोग साधला, असे मानण्याची रूढी पडली आहे. ही रूढी सदोष आहे. उत्तराची पारख पुस्तकातील आकड्यावरून नव्हे, तर मापनातील त्रुटींवरून झाली पाहिजे.

उदाहरणार्थ, टांगणीच्या बिंदूपासून गोलकाच्या मध्यापर्यंतची लांबी १.००० मीटर असून ती मोजताना २ मिलिमीटरांची चूक संभवते, असे समजावे. लांबीतील ही त्रुटी शेकडा ०.२ होय. वीस आंदोलनांस ४०.२ सेकंद लागले आणि विरामघड्याळ चालू व बंद करण्यात एकंदर ०.२ सेकंदाची चूक संभवली, तर आवर्तकालातील त्रुटी शेकडा ०.५ होते. g = 4π²L/T² या सूत्राने उत्तर ९.७७ येते.

सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे त्याची त्रुटी उत्तरात दुप्पट, म्हणजे शेकडा १, होऊन उतरते. लांबीची व काळाची त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. दोन्ही एकाच वेळी एकाच दिशेला पूर्णत्वाने ढळतील, असा संभव थोडा. म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे. ते शेकडा १.०२ भरते, उत्तर ९.७७ ± ०.१०.

येथे लांबीची त्रुटी जवळजवळ लोपली आहे. म्हणून अधिक बारीक पट्टी आणण्याचा खटाटोप व्यर्थ होय. आंदोलने वाढविली पाहिजेत. शंभर आंदोलनांस २००.८ सेकंद लागले, तर हाताची चूक तेवढीच राहून आवर्तकालाची त्रुटी शेकडा ०.१ वर येते. दुप्पट करून ती लांबीच्या त्रुटीशी मिळविली, की शेकडा ०.२८ होते, उत्तर ९.७९ ± ०.०३.

गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ असते. नागपूरच्या अक्षांशावर ते ९.७९ च्या जवळ येते. तेथे ९.८१ मिळावे म्हणून आकडे फिरविणारा विद्यार्थी सत्यापासून दूर जातो. शिवाय ९.७९ आणि ९.८१ यांत निवाडा करण्याचे सामर्थ्य या प्रयोगात नाही, हेही त्रुटीच सांगते.

मात्र या हिशेबात न सापडणारी एक चूक आहे. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोलकाच्या माथ्यापर्यंतच लांबी मोजली, तर उत्तर शेकडा १ ने कमी येते आणि कितीही वेळा मोजले तरी कमीच राहते. ती ओळखण्यासाठी निरनिराळ्या लांबी घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढावा. सरळ रेषा आरंभबिंदूतून गेली नाही, तर लांबीचे माप सरकले आहे असा संशय धरावा. रेषेच्या चढावरून काढलेले गुरुत्वत्वरण या दोषापासून मुक्त असते.

गुण द्यावयाचे ते ९.८१ ला नव्हेत. ± चिन्हापुढील आकडा कसा काढला, याला द्यावेत.