‘कधीच चालत नाही’ हे वाक्य पत्रात लिहू नका : तक्रार पत्राविषयी थोडं स्पष्ट



तक्रार पत्र शिकवताना आपण प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू ही चौकट पक्की करून घेतो. मुलं चौकट बरोबर लिहितात, मार्क मिळतात. पण चौकटीच्या आत काय असतं? ‘अत्यंत गैरसोय होत आहे’, ‘खूप मनस्ताप झाला’, ‘तरी आपण त्वरित लक्ष द्यावे ही नम्र विनंती’. ही वाक्यं पाण्याच्या नळाला चालतात, रस्त्यावरच्या दिव्याला चालतात आणि कचऱ्यालाही चालतात. माझं मत असं, की जे वाक्य कुठल्याही तक्रारीत बसतं, त्या वाक्यावर समोरचा माणूस काहीच करू शकत नाही. आज एका खऱ्या पत्राच्या निमित्ताने हे मांडतो.

आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आई. मोठा मुलगा नागपूरला शिकतो म्हणून त्यांचं घोडेगाव ते नागपूर जाणं-येणं असतं. आपलं गाव नगर-संभाजीनगर रस्त्यावर असल्याने लांब पल्ल्याच्या खासगी स्लीपर बस इथून जातात. बुकिंग करताना बसच्या माहितीत एसी, ब्लँकेट, पाण्याची बाटली आणि ‘प्रत्येक सीटला मोबाईल चार्जिंग’ असं लिहिलेलं होतं. चार्जिंग काही चाललं नाही. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण मुद्दा पत्राचा आहे.

कुणी म्हणेल, मोबाईल चार्ज झाला नाही तर काय बिघडलं? आता तिकीट मोबाईलमध्ये, पैसे मोबाईलमध्ये. परतीची बस पहाटे साडेचारला हायवेवर सोडते. तिथून वस्तीवर न्यायला घरच्यांना फोन करावा लागतो. त्या अंधारात एकट्या बाईच्या हातातला फोन बंद असणं ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच ‘चार्जिंगची सोय आहे’ हे वाचून लोक जास्त पैसे देऊन ती बस निवडतात.

त्यांनी लिहून आणलेल्या पत्रात मुख्य वाक्य होतं : ‘आपल्या बसमधील चार्जिंग पॉइंट कधीच चालत नाहीत, तरी ते दुरुस्त करावेत व तिकिटाचे पूर्ण पैसे परत द्यावेत.’ या एका वाक्यात मला तीन अडचणी दिसल्या.

पहिली अडचण ‘कधीच’ या शब्दाची. कंपनी एका वाक्यात उत्तर देईल, की आमच्या बस रोज तपासल्या जातात. संपलं. म्हणून मी विचारलं, “ताई, कोणत्या दिवशी, कोणत्या बसमध्ये, काय झालं ते एकेक सांगा.” तेव्हा खरी माहिती बाहेर आली. २ ऑगस्टला जाताना त्यांच्या सीटवर फोन अजिबात चार्ज होत नव्हता. शेजारच्या आणि समोरच्या प्रवाशांचंही तेच. क्लीनर म्हणाला, “लाईन बंद आहे.” ४ ऑगस्टला परत येताना बस वेगळी होती. तिथे चार्जिंगची खूण दिसायची, पण गचका बसला की जायची. २३ ऑगस्टला पुन्हा पहिलीच बस मिळाली. नंबर तिकिटाच्या मेसेजमध्ये होता. तीन आठवड्यांनीही सगळ्या सीटचे पॉइंट बंदच. जेवायला बस थांबली तेव्हा तीच केबल ढाब्यावरच्या प्लगला लावली, तर फोन लगेच चार्ज झाला.

बघा, ‘कधीच चालत नाही’ यापेक्षा हे किती जड आहे! तीच बस, तोच बिघाड, मध्ये एकवीस दिवस. आणि ढाब्यावरच्या त्या एका गोष्टीमुळे ‘तुमचीच केबल खराब असेल’ हे उत्तर आधीच बंद झालं.

यात आणखी एक गोष्ट कळते. मोठ्या बसची बॅटरी साधारणपणे २४ व्होल्टची असते आणि मोबाईलच्या यूएसबी पॉइंटला ५ व्होल्ट लागतात. मध्ये व्होल्टेज उतरवणारा एक कन्व्हर्टर असतो, त्याच्या आधी फ्यूज असतो आणि बऱ्याच बसमध्ये ड्रायव्हरजवळ त्या लाईनचं बटणही असतं. सगळ्याच सीट बंद असतील तर दोष बहुतेक या सामाईक भागात : बटण बंद, फ्यूज उडालेला किंवा कन्व्हर्टर जळालेला. एकाच सीटवर, गचक्यासरशी चार्जिंग जात असेल तर त्या सीटचा सॉकेट सैल. प्रवाशाने निदान करायची गरज नाही. पण ‘सगळ्या सीट’ की ‘माझी एकच सीट’ एवढं लिहिलं, तरी गॅरेजमधल्या माणसाला कुठे हात घालायचा ते कळतं.

दुसरी अडचण म्हणजे दोन मागण्या एका वाक्यात कोंबल्या होत्या. दुरुस्ती गॅरेजवाला करतो, पैसे ऑफिसमधला हिशेबाचा माणूस परत करतो. गॅरेजला बसचा नंबर आणि सीट नंबर लागतो. हिशेबवाल्याला तिकीट नंबर, तारीख आणि रक्कम लागते. दोन्ही एकत्र लिहिलं की जे सोपं असेल तेवढं केलं जातं आणि दुसरं राहून जातं. म्हणून मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत हव्यात.

तिसरी अडचण रकमेची. त्या म्हणाल्या, “सर, पूर्ण तिकीट मागू ना?” मी म्हटलं, “ताई, बसने तुम्हाला नागपूरला नेलं ना? झोपायला जागा दिली, एसी दिला. मग जे मिळालं त्याचे पैसे परत कसे मागायचे?” मग काय मागायचं? त्याच कंपनीची त्याच रात्रीची दुसरी एसी स्लीपर १,१०० रुपयांना होती आणि तिच्या माहितीत चार्जिंगचा उल्लेख नव्हता. यांनी १,२०० दिले. फरक १०० रुपये. हा फरक फक्त चार्जिंगचाच आहे असं छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. पण कंपनीच्याच दरातून काढलेला आकडा कंपनीला नाकारणं अवघड जातं.

आता तीन प्रवासांचे ३०० मागायचे का? ४ ऑगस्टला थोडं का होईना चार्जिंग झालं होतं. त्यामुळे त्या दिवसाचे पैसे मागायचे नाहीत, फक्त दुरुस्ती मागायची असं आम्ही ठरवलं. त्यांना ते आधी पटलं नाही. पण ज्या पत्रात लिहिणारा स्वतःच एक रक्कम सोडतो, त्या पत्रातल्या बाकीच्या रकमेवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

शेवटी पत्र असं तयार झालं :

दिनांक : २६ ऑगस्ट २०२५
प्रति, व्यवस्थापक, (कंपनीचे नाव व पत्ता)
विषय : बसमधील बंद चार्जिंग पॉइंटची दुरुस्ती व २०० रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,
मी २, ४ व २३ ऑगस्ट २०२५ रोजी घोडेगाव-नागपूर मार्गावर आपल्या बसने प्रवास केला. बुकिंगच्या वेळी प्रत्येक सीटला मोबाईल चार्जिंग असल्याचे लिहिले होते. त्या माहितीचा फोटो, तिन्ही तिकिटे, बस क्रमांक व सीट क्रमांक सोबत जोडले आहेत.
२ व २३ ऑगस्ट रोजी एकाच बसमध्ये माझ्या व आजूबाजूच्या सर्व सीटचे पॉइंट बंद होते. २३ ऑगस्टला तीच केबल जेवणाच्या थांब्यावर लावली असता फोन चार्ज झाला. ४ ऑगस्टच्या बसमध्ये माझ्या सीटचा पॉइंट हादऱ्याने बंद पडत होता.
पहिली मागणी : दोन्ही बसमधील पॉइंट दुरुस्त करून दुरुस्तीची तारीख कळवावी. दुरुस्ती होईपर्यंत त्या बसच्या माहितीतून ‘चार्जिंग’ हा उल्लेख काढावा.
दुसरी मागणी : २ व २३ ऑगस्टच्या तिकिटांपोटी प्रत्येकी १०० रुपये, एकूण २०० रुपये परत द्यावेत. त्याच रात्रीच्या आपल्या चार्जिंगचा उल्लेख नसलेल्या एसी स्लीपरच्या भाड्याशी असलेला हा फरक आहे.
१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.
आपली विश्वासू, (नाव, पत्ता, सही)

पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून पाठवलं आणि पावती जपून ठेवली. तिकीट ॲपवरून काढलं असेल तर ॲपलाही प्रत पाठवावी. पण मूळ पत्र बस चालवणाऱ्या कंपनीलाच हवं, कारण पॉइंट तिच्या बसमध्ये आहे. एसटी असेल तर पत्र आगार व्यवस्थापकांना. आगाराचं नाव बसवरच लिहिलेलं असतं.

शेवटच्या ओळीतला इशारा पोकळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार करारात किंवा अन्यथा कबूल केलेली सेवा नीट न देणं ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. म्हणजे कंपनी नागपूरची असो की पुण्याची, घोडेगावच्या माणसाला अहिल्यानगरला तक्रार करता येते. २०० रुपयांसाठी आयोगात जावं असं मी म्हणत नाही. तारखांना जाण्या-येण्यातच त्याहून जास्त खर्च होईल. हेल्पलाइनपर्यंत मात्र जरूर जावं.

नवव्या दिवशी उत्तर आलं : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, २०० रुपये खात्यात जमा केले आहेत.’ दुरुस्तीबद्दल अक्षरही नाही. इथे बहुतेक जण थांबतात. मला वाटतं, इथेच थांबू नये. एका प्रवाशाला २०० रुपये देणं कंपनीला कन्व्हर्टर बदलण्यापेक्षा स्वस्त आणि सोपं पडत असणार. तक्रार करणारा गप्प होतो, बस तशीच धावते, आणि ‘प्रत्येक सीटला चार्जिंग’ वाचून पुढची बाई त्याच सीटवर बसते. त्या ताईंनी दुसरं पत्र पाठवलं. त्यात दोनच वाक्यं होती : ‘पैसे मिळाले, आभारी आहे. पहिल्या मागणीतील दोन बस कोणत्या तारखेला दुरुस्त झाल्या ते कळवावे.’ मागण्या वेगळ्या लिहिल्या होत्या म्हणूनच हे विचारता आलं.

वर्गात मी आता चौकट नंतर घेतो. आधी एका मुलाला गॅरेजवाला करतो, एका मुलीला हिशेबवाली. बाकीचे आपापलं पत्र वाचतात. गॅरेजवाला विचारतो, “कोणती बस उघडू?” हिशेबवाली विचारते, “किती देऊ आणि का?” या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रात नसतील तर पत्र परत जातं. ‘अत्यंत गैरसोय’ हे शब्द मुलं मग स्वतःच खोडतात. पालकांनी घरी एवढंच करावं : मुलाचं तक्रार पत्र हातात घेऊन हेच दोन प्रश्न विचारावेत.