भाड्याची बाकी लिहायची नसते, काढायची असते

वडिलोपार्जित इमारत, खाली दोन गाळे आणि वर चार खोल्या, असे उत्पन्न अनेक व्यापारी घरांत असते. दुकानाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो, तितका या भाड्याचा मात्र सहसा ठेवला जात नाही. पूर्वी त्यासाठी एक वेगळी वही असे; आता त्या वहीच्या जागी एक्सेलचा तक्ता आला. पण तक्त्याची रचना वहीच्या शेवटच्या पानावरील आखणीसारखीच राहिली: डावीकडे भाडेकरूंची नावे, वर एप्रिल ते मार्च असे बारा स्तंभ, आणि भाडे आले की त्या चौकोनात रक्कम किंवा बरोबरची खूण.

ही आखणी दिसायला सुटसुटीत असते आणि प्रत्येक भाडेकरू दरमहा पूर्ण रक्कम देत असेल तोवर चालतेही. ती फसते अर्धवट भरण्यापाशी. मे महिन्याचे आठ हजार आले, उरलेले चार हजार जूनमध्ये देतो म्हणाला. ते जूनच्या चौकोनात लिहायचे की मेच्या? मेच्या चौकोनात लिहिले तर रक्कम कधी आली हे हरवते, जूनच्या चौकोनात लिहिले तर ती कशाची हे हरवते. एका चौकोनात दोन गोष्टी मावत नाहीत, म्हणून माणूस कोपऱ्यात टीप लिहितो. टिपेची बेरीज संगणक करत नाही.

खतावणी ठाऊक असलेल्या घराला याचे उत्तर नव्याने शिकावे लागत नाही. नावे आणि जमा या दोन वेगळ्या बाजू आहेत, आणि बाकी ही त्यांच्यातील वजाबाकी आहे. भाड्याच्या तक्त्यातही तीन पाने हवीत: ‘येणे’, ‘जमा’ आणि ‘बाकी’. पहिल्या दोन पानांवर माणूस लिहितो. तिसऱ्या पानावर रकमेचा एकही आकडा हाताने लिहायचा नाही.

‘येणे’ या पानावर चार स्तंभ पुरतात: जागेचा संकेत, महिना, देय तारीख आणि रक्कम. प्रत्येक जागेच्या प्रत्येक महिन्याला एक स्वतंत्र ओळ. सहा जागांच्या वर्षभरात बहात्तर ओळी होतात. हे काम वर्षारंभी एकदाच करायचे असते. पहिली देय तारीख लिहिली की खालच्या ओळीत `=EDATE(C2,1)` लिहून सूत्र ओढत न्यावे, पुढच्या तारखा आपोआप उतरतात. संकेत मात्र भाडेकरूच्या नावाचा नसावा, जागेचा असावा. माणसे बदलतात, गाळा तोच राहतो. भाडेकरू बदलला की संकेताला पुढचे अक्षर जोडावे, म्हणजे जुन्याची बाकी नव्याच्या नावावर चढत नाही.

येथे एक मोह टाळावा लागतो. भाड्याचा दर एका चौकोनात ठेवून सर्व ओळी त्याला जोडणे चतुरपणाचे वाटते, पण ऑक्टोबरमध्ये दर वाढवला की एप्रिलपासूनच्या ओळीही वाढतात आणि मागच्या सहा महिन्यांची खोटी बाकी उभी राहते. म्हणून ओळीतील रक्कम ही आकडा म्हणूनच असावी. वाढ लागू होईल त्या महिन्यापासून पुढच्या ओळी बदलाव्यात, मागच्यांना हात लावू नये. नवा तक्ता सुरू करताना मागील बाकी असेल तर तीही या पानावर, तिच्या मूळ देय तारखेसह, महिनावार ओळींत आणावी.

‘जमा’ या पानावर पैसे आल्याची तारीख, जागेचा संकेत, रक्कम, मार्ग, पावती क्रमांक आणि ‘कशापोटी’ असे सहा स्तंभ असतात. जितक्या वेळा पैसे आले तितक्या ओळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे, म्हणून पावती क्रमांकाचा स्तंभ रिकामा राहिला की तेथेच काम अपुरे असल्याचे दिसते. धनादेश न वटता परत आला तर त्याची ओळ पुसू नये; त्याच रकमेची उणे चिन्हाची दुसरी ओळ परतीच्या तारखेने लिहावी. अनामत रक्कम या पानावर कधीही येऊ नये. ती भाडे नव्हे, परत करावयाचे देणे आहे.

‘बाकी’ या पानावर B1 मध्ये ज्या दिवशीची बाकी हवी ती तारीख लिहावी. चौथ्या ओळीपासून A स्तंभात जागांचे संकेत, आणि पुढील तीन चौकोनांत अनुक्रमे देय, जमा व बाकी अशी सूत्रे:

```
=SUMIFS('येणे'!D:D,'येणे'!A:A,A4,'येणे'!C:C,"<="&$B$1)
=SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,A4,'जमा'!A:A,"<="&$B$1)
=B4-C4
```

आजची तारीख आपोआप घेणारे TODAY() वापरता येते, परंतु हाताने लिहिलेली तारीख अधिक कामाची. ३१ मार्चची बाकी जूनमध्ये पुन्हा पाहायची झाली तर ती तारीख लिहिली की पुरे.

आता एका गाळ्याचा हिशेब पाहू. गाळा २ चे भाडे १२,००० रुपये, देय तारीख दरमहा ५. करारानुसार ऑक्टोबर २०२५ पासून ते १२,६०० झाले. भाडेकरूने एप्रिल ते डिसेंबर दर महिन्याला पैसे दिले: मे महिन्यात ८,०००, जुलैत १०,००० आणि उरलेल्या सात महिन्यांत प्रत्येकी १२,०००. बारा चौकोनांच्या तक्त्यात प्रत्येक महिन्यात काहीतरी भरलेले दिसते. घरातील ज्येष्ठांना मेचे चार हजार आणि जुलैचे दोन हजार तोंडपाठ असतात, म्हणून बाकी सहा हजार असे सांगितले जाते. तीन पानांचा तक्ता वेगळे सांगतो. ३१ डिसेंबरपर्यंत देय रक्कम सहा महिन्यांची ७२,००० आणि तीन महिन्यांची ३७,८००, एकूण १,०९,८००. जमा १,०२,०००. बाकी ७,८००. भाडेकरू वाढीनंतरही जुन्याच दराने पैसे देत राहिला, आणि दरमहाचे सहाशे रुपये कोणाच्याच नजरेस आले नाहीत.

रक्कम कळली, पण ही बाकी कोणत्या महिन्याची, हा प्रश्न उरतो, आणि तो किरकोळ नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार थकीत भाड्याचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. बाकी मे महिन्याची असेल तर तिचा काळ ५ मे २०२५ पासून मोजला जातो, डिसेंबरची असेल तर ५ डिसेंबरपासून.

आलेले पैसे कोणत्या देण्यापोटी धरायचे, याचा क्रम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये दिला आहे. देणाऱ्याने हे अमुक देण्यापोटी असे सांगितले, किंवा परिस्थितीवरून ते स्पष्ट होत असले, आणि रक्कम स्वीकारली गेली, तर ती त्यापोटीच धरावी लागते. तो काहीच बोलला नाही तर घेणारा आपल्या इच्छेने ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नसेल तर सर्वांत जुने देणे आधी फिटते. तिसरी रीत सूत्रात बसवता येते. ‘येणे’ या पानाच्या E स्तंभात:

```
=MAX(0,MIN(D2,SUMIFS(D$2:D2,A$2:A2,A2)
 -SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,A2)))
```

सूत्राचा अर्थ असा: या ओळीपर्यंत या जागेचे जे देय झाले, त्यातून आजवरची सारी जमा वजा करावी, उरले ते या महिन्याचे, पण महिन्याच्या भाड्याहून अधिक नाही आणि शून्याहून कमी नाही. यासाठी एका जागेच्या ओळी तारखेच्या क्रमाने असायलाच हव्यात. ज्या ओळींची देय तारीख अजून आलेली नाही, त्या वाचताना सोडून द्याव्यात. गाळा २ साठी नोव्हेंबरपर्यंतच्या सर्व ओळी शून्य दाखवतात आणि ७,८०० ची सारी बाकी डिसेंबरवर येते. जूनच्या पैशांनी मे पुरा केला, जुलैच्या पैशांनी जून, असा तो ओघ आहे.

मात्र भाडेकरूने ऑनलाइन पैसे पाठवताना दर वेळी ‘जूनचे भाडे’, ‘ऑगस्टचे भाडे’ असे लिहिले असेल, तर हे सूत्र दिशाभूल करते. तेव्हा मेचे चार हजार मेचेच राहतात, आणि एकूण आकडा तोच असूनही त्यातील एक भाग दरमहा जुना होत जातो. ‘कशापोटी’ हा स्तंभ यासाठीच आहे. पावतीवर मालकानेच ‘जूनचे भाडे’ असे छापील वळणाने लिहिण्याची सवय अनेकांना असते. ती जुन्या बाकीला मागे सोडणारी सवय आहे, हे ध्यानात येत नाही. बाकी असलेल्या भाडेकरूने महिना सांगितला नसेल, तर पावतीवर ‘मागील बाकीपैकी’ असे लिहिणे रास्त, आणि तेच शब्द या स्तंभात यावेत.

तक्ता खोटे बोलू लागतो त्याची दोन कारणे नेहमीची आहेत. एक म्हणजे तारीख ५.४.२०२५ अशी टिंबे देऊन लिहिणे: संगणक तिला बहुधा तारीख न मानता मजकूर मानतो आणि बेरजेतून ती ओळ मुकाट्याने गळते. तारीख चौकोनाच्या उजव्या कडेला टेकलेली असते, मजकूर डाव्या. नजर टाकताच कळते. दुसरे म्हणजे संकेतात एक मोकळी जागा अधिक पडणे. संकेत टंकित न करता यादीतून निवडण्याची सोय ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये आहे. दोन्ही चुका पकडण्यासाठी ‘बाकी’ पानावरील जमेची बेरीज आणि ‘जमा’ पानावरील सर्व रकमांची बेरीज यांचा मेळ घ्यावा. B1 मध्ये आजची तारीख असताना दोहोंत एका रुपयाचाही फरक पडता कामा नये.

खालचा गाळा बँकेसारख्या संस्थेला दिलेला असेल तर आणखी एक फसगत संभवते. महिना ८०,००० चे भाडे, त्यातून १० टक्के टीडीएस कापून खात्यात ७२,००० येतात, आणि तक्ता वर्षअखेर ९६,००० ची थकबाकी दाखवतो. ती थकबाकी नव्हे. दर महिन्याला ‘जमा’मध्ये दुसरी ओळ ८,००० ची, मार्ग ‘टीडीएस’, अशी लिहावी आणि वर्षअखेर त्या ओळींची बेरीज आयकर पोर्टलवरील आपल्या नावच्या जमेशी ताडून पाहावी. तेथे एखादा महिना कमी आढळला तर कापलेली रक्कम सरकारकडे भरलीच गेली नाही किंवा चुकीच्या पॅनवर गेली, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो, आणि विचारणा त्या भाडेकरूच्या लेखा विभागाकडे करावी लागते.