खात्यातून पैसे गेले म्हणजे फी भरली का?

गेली अकरा वर्षे मी तालुक्याच्या गावात फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. मे-जूनमध्ये रोज कोणीतरी मोबाइल पुढे करून तेच वाक्य बोलतं, "मॅडम, पैसे कट झालेत, पण फॉर्मवर पेंडिंग दाखवतंय." आणि मागे उभा असलेला कोणीतरी हमखास तोच सल्ला देतो, "काही करू नका. पैसे गेलेत ना? मग फी भरली. उद्या आपोआप अपडेट होईल."

हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून त्याला विरोध करायला हा लेख लिहिते आहे. मात्र या सल्ल्याची जबाबदारी एकट्या पालकांवर टाकणाऱ्या संस्थांनाही मला काही सांगायचं आहे.

आधी पैशाची वाट समजून घेऊ. आपण बटण दाबतो तेव्हा रक्कम थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे जात नाही. मध्ये पेमेंट गेटवे असतो. बँक रक्कम वजा करते, तसं गेटवेला कळवते आणि गेटवे संस्थेच्या पोर्टलला निरोप देतो की अमुक Order ID ची रक्कम मिळाली. तो निरोप पोचला की अर्जावर Paid उमटतं. बँकेचा मेसेज फक्त पहिल्या पायरीचा असतो. शेवटच्या रात्री पोर्टलवर गर्दी असते, ओटीपी उशिरा येतो, पान गोल फिरत राहतं, मूल घाबरून मागे जातं किंवा पान पुन्हा लोड करतं आणि निरोप मधेच अडकतो. पैसे खात्यातून गेलेले असतात, अर्जाला त्याचा पत्ता नसतो. अर्जाची मुदत मात्र बँकेचा मेसेज पाहून ठरत नाही, अर्जावर काय लिहिलं आहे ते पाहून ठरते.

"आपोआप होईल" म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019 चा आदेश आहे, तो 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाला. यूपीआयने किंवा कार्डने ऑनलाइन पैसे भरले, खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्या संस्थेला पैसे मिळाल्याचा दुजोरा पोचला नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत रक्कम आपोआप खात्यात परत आली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. म्हणजे "आपोआप" होतं खरं, पण पैसे परत येतात. अर्ज आपोआप भरला जाईल असं हा आदेश कुठेच म्हणत नाही. नेमक्या याच ठिकाणी लोक फसतात.

माझ्याच केंद्रातल्या एका रात्रीची गोष्ट सांगते. एका प्रवेश परीक्षेची शेवटची तारीख 9 मे, रात्री 11:59. फी 1,000 रुपये. एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांचेही पैसे साडेनऊ ते दहाच्या दरम्यान कापले गेले आणि दोघांच्याही अर्जावर Payment Pending राहिलं. मुलाचे वडील म्हणाले, थांबू. मुलीच्या वडिलांनाही तेच वाटत होतं, कारण दुसरे हजार रुपये म्हणजे त्यांच्या घरी तीन दिवसांची मजुरी.

आम्ही आधी पोर्टलवरचं Verify Payment हे बटण दाबलं. हे बटण पोर्टल आणि गेटवे यांच्यात पुन्हा चौकशी घडवून आणतं आणि कित्येकदा पाच-दहा मिनिटांत अर्ज Paid होतो. सगळ्या पोर्टलांवर ते नसतं, असलं तरी कुठेतरी कोपऱ्यात असतं. त्या रात्री दोनदा दाबलं, व्यवहार सापडत नाही असंच उत्तर आलं. मग यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहार उघडला. तिथे Processing होतं. तो बारा आकडी UTR, वेळ आणि रक्कम दिसेल असा स्क्रीनशॉट काढला, पोर्टलवरच्या Order ID चा काढला, अर्जाच्या स्थितीचाही काढला. पावणेअकराला मुलीच्या मामाने त्याच्या खात्यातून दुसऱ्यांदा फी भरली. अर्ज Paid झाला, अर्जाची प्रत छापली आणि मगच ती घरी गेली.

मुलाचे पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात परत आले. रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्या बाबतीत तंतोतंत पाळला गेला आणि त्याचा अर्ज मात्र बाद झाला.

मुलीचे पहिले हजार 14 मेपर्यंत यायला हवे होते, आले नाहीत. 15 मेला अ‍ॅपमधून तक्रार केली आणि शाखेत लेखी अर्ज दिला. शाखेतून उत्तर आलं, पैसे संस्थेकडे गेलेत, तिकडे विचारा. संस्थेने ई-मेलने कळवलं, या Order ID ची रक्कम आम्हाला मिळालेली नाही. अशा वेळी लोक दोन्हीकडून फेटाळले गेलो असं समजून गप्प बसतात. पण संस्थेचं "मिळाली नाही" हे लेखी वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. ते बँकेला जोडून दिलं की बँकेला पैसे धरून ठेवायला कारण उरत नाही. 18 मेला हजार रुपये परत आले. चार दिवस उशीर, म्हणजे 400 रुपये भरपाई. ती आपोआप आली नाही. आदेशाच्या तारखेचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं, तेव्हा जूनमध्ये जमा झाली.

दुसरा प्रकार याच्या उलट असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. अ‍ॅपमध्ये व्यवहार Success दिसतो, पाच दिवसांनंतरही रक्कम परत येत नाही आणि बँक लिहून देते की पैसे समोरच्या खात्यात जमा झाले. मग निरोप बँकेपाशी अडकलेला नसतो, संस्थेच्या नोंदीत अडकलेला असतो. तिथे पाच दिवसांचा नियम धरून बसण्यात अर्थ नाही. संस्थेलाच लिहावं लागतं आणि त्या पत्रात एकच मागणी असावी: या Order ID ची गेटवेकडे पडताळणी करा, रक्कम मिळाली असेल तर अर्जावर चढवा, मिळाली नसेल तर तसं लेखी द्या. सोबत मेसेजचा फोटो पुरत नाही, बँकेच्या स्टेटमेंटचं त्या दिवसाचं पान जोडावं. एक चूक मात्र टाळा. एकीकडे संस्थेला "फी जमा करून घ्या" म्हणायचं आणि त्याच रकमेसाठी बँकेकडे "पैसे परत द्या" असा दावा लावायचा, असं करू नका. संस्थेने अर्ज Paid केल्यावर बँकेने रक्कम परत खेचली, तर भरलेला अर्ज पुन्हा बिनफीचा होतो. एकच अर्ज असेल तर आधी काय हवं ते ठरवा. दुसऱ्यांदा फी भरून अर्ज पक्का केला असेल, तर पहिली रक्कम निर्धास्तपणे परत मागा.

आता संस्थांकडे वळते. "एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" ही ओळ जवळपास प्रत्येक सूचनापत्रात असते, आणि दुबार फी मागायला गेलेल्या मुलाला तीच दाखवली जाते. माझं म्हणणं असं की ही ओळ स्वीकारलेल्या फीला लागू होते. अर्ज बाद करताना तुम्ही म्हणता, फी मिळालीच नाही. मग जी मिळालीच नाही ती "परत न मिळणारी फी" कशी? आणि मिळाली असेल, तर अर्ज कशाच्या आधारावर बाद केला? एका रकमेबद्दल ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी देता येत नाहीत. एक तर अर्ज पक्का करा, नाही तर पैसे परत करा.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, जेईईच्या माहितीपुस्तिकेत स्वतःच लिहिते की बँक, गेटवे आणि हेल्पलाइन यांच्याकडे विचारूनही व्यवहार पोर्टलवर दिसला नाही तर उमेदवाराने दुसऱ्यांदा फी भरावी, आणि दुबार आलेली रक्कम हिशेब जुळवल्यानंतर त्याच मार्गाने परत केली जाईल. देशातली एवढी मोठी परीक्षा हे लिहून देऊ शकते, तर जिल्ह्याच्या महाविद्यालयाला काय अडचण आहे?

दुसऱ्यांदा भरा, हे सांगणं मला सोपं वाटत नाही. ज्या घरात दुसरे हजार नाहीत, त्या घराला हा सल्ला लागू पडत नाही. अशांना मी एवढंच सांगते की फी शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी भरा. अडकलेली रक्कम नियमाप्रमाणे पाच दिवसांत परत आली, तर त्याच पैशांनी पुन्हा भरायला वेळ उरतो. नेट बँकिंगवर मात्र या हिशेबात विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या त्या तक्त्यात कार्ड आणि यूपीआय आहेत, नेट बँकिंगचा रकाना नाही.

आणि हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधू नका. तो अर्जाच्या पोर्टलवरून किंवा बँकेच्या पासबुकावरून घ्या. परतावा मिळवून देतो म्हणून कोणी यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी लागत नाही. संस्थेबद्दलची तक्रार लोकपाल ऐकत नाही. संस्था सरकारी असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात विचारा की या Order ID ची रक्कम तुमच्या गेटवेच्या हिशेबात आहे का.

परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे. मुदत संपल्यावर बिनफीचे अर्ज बाद करण्याआधी गेटवेकडची त्या दिवसांची यादी अर्जांशी एकदा जुळवून पाहा. ज्याची रक्कम त्या यादीत मुदतीच्या आत जमा दिसते, त्याचा अर्ज बाद करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.