एक रुपया गेला कुठे?

आमच्या बचत गटाची बैठक एका रुपयावरून तासभर लांबली. उन्हाळ्यात लोणच्यासाठी प्लॅस्टिकच्या ३५० बरण्या मागवल्या होत्या. भाव ठरला ३२ रुपये, करासह. हिशेब सरळ, ११,२०० रुपये. बिल आलं ११,२०१ चं. खजिनदार वहिनींनी तसं वहीत लिहिलं आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "आज एक, उद्या शंभर." वहिनींचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आणा ते बिल इकडे.

बिलावर ३२ हा आकडा कुठेच नव्हता. दर होता २७.१२. दुकानदाराच्या संगणकाला कर वेगळा दाखवावा लागतो, म्हणून त्याने ३२ मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला. इथे आपल्यापैकी बऱ्याच जणी चुकतात. ३२ चे १८ टक्के ५.७६, ते वजा केले की २६.२४, असं आपण करतो. पण कर लागतो मूळ किमतीवर. मूळ किंमत १०० धरली तर करासह ११८ होतात, म्हणून ३२ ला १.१८ ने भागायचं. उत्तर येतं २७.११८६ आणि पुढे शेपूट आहेच. पैशाच्या खाली नाणं नाही, म्हणून संगणकाने २७.१२ केले.

म्हणजे एका बरणीमागे पैशाचा सातवा हिस्साही वाढला नाही. पण ३५० ने गुणल्यावर झाले ९,४९२ रुपये. त्यावर केंद्राचा ९ टक्के कर ८५४.२८ आणि राज्याचा तेवढाच. बेरीज ११,२००.५६. शेवटी 'राउंड ऑफ' म्हणून एक ओळ असते. पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यायचे. छप्पन्न पैशांचा झाला पुढचा रुपया. वहिनींनी चहासुद्धा प्यायला नव्हता हो त्यातून!

हेच दुकानदाराने आधी ११,२०० ची एकूण रक्कम धरून शेवटी एकदाच भागाकार केला असता, तर मूळ रक्कम ९,४९१.५३ आली असती, दोन्ही कर ८५४.२४ प्रमाणे, आणि बेरीज ११,२००.०१. तो एक पैसा 'राउंड ऑफ'मध्ये गेला असता. माझं स्पष्ट मत आहे की करासह भाव सांगणाऱ्याने हीच रीत धरावी. प्रत्येक नगाला आधी गोल करायचं आणि मग शेकड्याने गुणायचं, हा आळस आहे. त्यात लबाडी मात्र नाही.

मग लबाडी ओळखायची कशी? नगामागे जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होऊ शकतो. ३५० नगांचे झाले पावणेदोन रुपये, त्यावरचा कर आणि शेवटचा रुपया गोल करणं धरलं तरी फरक अडीच-पावणेतीनच्या पुढे जायला नको. त्याहून मोठा फरक दिसला तर तो गोल करण्यामुळे नाही. दर किंवा टक्केवारी तपासायची, आणि बिल परत न्यायचं.

खरं नुकसान आमचं दुसरीकडेच होणार होतं. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने फोनवर २७.५० भाव सांगितला होता. गटातल्या निम्म्या जणी म्हणत होत्या, साडेचार रुपये स्वस्त, तिथूनच घ्या! वहिनींनीच विचारलं, "भाऊ, कर धरून की कर सोडून?" तो म्हणाला, "अधिक जीएसटी." म्हणजे बरणी पडली असती ३२.४५ ला आणि बिल झालं असतं ११,३५८ रुपये. आमचा गट जीएसटीत नोंदलेला नाही. त्यामुळे भरलेला कर आम्हाला कुठून वळता होत नाही, खिशातून जातो तोच आमचा भाव. (नोंदणी असलेल्या गटाने मात्र कर सोडूनचे भावही ताडून पाहावेत.)

दुकानातून पाकीटबंद वस्तू घेताना हा प्रश्न येत नाही. छापील कमाल किंमत सगळे कर धरूनच असते. तिच्यावर कुणी 'जीएसटी वेगळा' म्हणालं, तर द्यायचा नाही. गोंधळ होतो तो असा फोनवर, तोंडी भाव ठरवताना.

मी बिलाच्या पाठीवर हे सगळं मांडून दाखवलं. ५६ पैशांपर्यंत आल्यावर कुजबुजणारी बाई म्हणाली, "मग वहीत काय लिहायचं?" वहिनींनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'बरण्या ३५०, ठरलेले ११,२००, बिलात गोल करण्याचा फरक १.' आता आमच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर भावापुढे 'करासह' की 'कर वेगळा' हे लिहिल्याशिवाय त्या सही करत नाहीत.